मदत हवी आहे : श्रावणात थांबलेले ग्राहक गळतीत धरावेत का?

नमस्कार. रत्नागिरीत आम्ही मासिक वर्गणीवर घरपोच साफ केलेली मासळी देतो. दरमहा किती टक्के ग्राहक सोडून जातात, हे काढताना एका ठिकाणी अडलो आहे.

ऑगस्टच्या 1 तारखेला 240 ग्राहक होते. महिन्यात 36 जणांनी वर्गणी बंद केली, त्यांपैकी 6 जण त्याच महिन्यात नव्याने आलेले होते. सुरुवातीच्या 240 मध्ये ते नसल्यामुळे त्यांना वगळून मी 30 भागिले 240, म्हणजे 12.5 टक्के गळती धरली. पण त्या तिसांतले 18 जण "श्रावण संपला की परत सुरू करू" असे सांगून थांबले होते. त्यांना वगळल्यास गळती 5 टक्केच दिसते. ऑक्टोबरअखेर त्यांतले 11 परतले, 7 परतले नाहीत. म्हणजे खरा आकडा 19 भागिले 240, सुमारे 7.9 टक्के ठरतो, पण तो कळायला दोन महिने लागले.

त्या सात जणांना फोन केल्यावर एका काकूंनी सांगितले, "सुरमई सांगितली की दर वेळी बांगडाच येतो." श्रावण हे केवळ निमित्त होते, असे मला वाटते.

थांबलेल्यांना किती दिवसांनी 'गेलेले' धरावे? आणि मागील महिन्याचा आकडा नंतर दुरुस्त करावा, की ज्या महिन्यात मुदत संपते त्यात गळती दाखवावी? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.