मान आखडली आहे, उशी काढून टाकू का?

> सकाळी उठलो तर मान डावीकडे वळतच नाही. उशी काढून सपाट झोपू का? मान मोडून घेतली तर सुटेल?

मोडून अजिबात घेऊ नका. न्हाव्याकडे तर नाहीच. आखडलेल्या स्नायूला झटका बसला की तो आणखी घट्ट होतो.

मागच्या महिन्यात माझं हेच झालं होतं. सोफ्याच्या हातावर डोकं ठेवून झोपलो होतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं शेकलं, मग खुर्चीत ताठ बसून मान सावकाश वळवली. जिथे दुखायला लागतं त्याच्या जरा अलीकडे थांबायचं, परत मध्ये यायचं. असं पाच-सहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. पहिल्या दिवशी हनुवटी खांद्याच्या अर्ध्या वाटेपर्यंतच जात होती, चौथ्या दिवशी पूर्ण वळली. पट्टा लावून मान जखडली असती तर बहुधा जास्त दिवस लागले असते.

उशी काढू नका, उंची बघा. कुशीवर झोपल्यावर कान आणि गादी यांमधली खांद्याएवढी पोकळी भरली पाहिजे, नाक छातीच्या मधल्या रेषेत राहिलं पाहिजे. उताणं झोपताना त्याहून पातळ उशी लागते. पालथं झोपणं सध्या बंद.

ताप आहे का, ते लिहिलं नाहीत. ताप, जोराची डोकेदुखी आणि हनुवटी छातीकडे नेता न येणं, सोबत उलट्या, उजेड सहन न होणं किंवा गुंगी असेल, तर शेकत बसू नका. मेंदूज्वर असू शकतो. रात्र असली तरी तडक इस्पितळ गाठा. हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तरी डॉक्टरांना दाखवाच.