न्यूयॉर्क खरंच फुटक्या काचांमुळे सुधारलं का?

रविकिरण७०
थेट मुद्द्यावर येतो. माझ्या मते ब्रोकन विंडोज थिअरी, म्हणजे फुटकी काच तशीच ठेवली, छोटी बेशिस्त चालू दिली की मोठे गुन्हे वाढतात, ही बरोबर आहे आणि झीरो टॉलरन्सशिवाय, म्हणजे किरकोळ गुन्ह्यालाही सूट न देता धरल्याशिवाय, मोठं शहर ताळ्यावर येत नाही. न्यूयॉर्क बघा, १९९० साली २,२४५ खून. १९९४ ला जुलियानी महापौर झाले, ब्रॅटन पोलीस कमिशनर, आणि मग भिंती रंगवणारे, सिग्नलला जबरदस्तीने काच पुसून पैसे मागणारे, रस्त्यात दारू पिणारे सगळे धरले. १९९८ ला खून ६३३. मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डोचा गाडीचा प्रयोगही हेच सांगतो, एक काच फुटली की अख्खी गाडी जाते. मग समाजशास्त्रवाले याच्यावर एवढे का चिडतात?

निशिगंध_क्वीन्स
मी १९८८ पासून इथे आहे, अर्धी तुमच्या बाजूने. तेव्हाच्या सबवेचं आता कुणाला सांगून पटत नाही, रात्री नऊनंतर एकटीने डब्यात बसायचं म्हणजे पोटात गोळा यायचा. पण एक दुरुस्ती, रंगवलेले डबे जुलियानींनी साफ केले नाहीत, ते काम १९८४ पासून चालू होतं, रंगवलेला डबा धुतल्याशिवाय परत रुळावर सोडायचाच नाही असा नियम केला होता, आणि शेवटचा रंगवलेला डबा मे १९८९ मध्ये निघाला. ब्रॅटन १९९० ला सबवे पोलिसांचे प्रमुख झाले आणि तिकीट बुडवून टर्नस्टाईलवरून उड्या मारणाऱ्यांना धरायला लागले, त्यात दर सातातल्या एकावर आधीचं वॉरंट निघायचं म्हणे. म्हणजे फुकट्याला धरलं तर मोठा गुन्हेगार हाती लागतो. त्यामुळे जुलियानी आले आणि गुन्हे पडले हे मला पटतं, मी ते डोळ्यांनी बघितलंय.

मुळशीकर_अ
निशिगंध, तुम्ही बघितलंत ते खरंच आहे, फक्त सुरुवात कुठून धरायची तो प्रश्न आहे. न्यूयॉर्कमधले खून १९९० च्या शिखरावरून उतरायला लागले ते १९९१ पासून, तेव्हा महापौर डिंकिन्स होते आणि हजारो नवे पोलीस भरायचा कार्यक्रमही त्यांच्याच काळात मंजूर झाला. शिवाय त्याच दशकात सॅन दिएगोतही गुन्हे जोरात खाली आले आणि तिथे झीरो टॉलरन्स नव्हतं, वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन पोलीस काम करत होते. सातातल्या एकावर वॉरंट निघायचं ही गोष्ट तर वेगळीच आहे, ती 'झडती घेतली की काहीतरी सापडतं' एवढंच सांगते. घाण बघून माणूस गुन्ह्याकडे वळतो हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता गाडीचं. झिम्बार्डोने १९६९ मध्ये एक गाडी ब्रॉन्क्सला लावली, नंबर प्लेट काढलेली आणि बॉनेट उघडं. दहा मिनिटांत पहिले लोक आले ते आईवडील आणि लहान मुलगा, त्यांनी बॅटरी आणि रेडिएटर काढून नेला. इथे काच आधी फुटलेलीच नव्हती, हे लक्षात घ्या. दुसरी गाडी कॅलिफोर्नियात पालो आल्टोला, तिला आठवडाभरापेक्षा जास्त कुणी हात लावला नाही, मग झिम्बार्डोने स्वतः हातोडा घातला तेव्हा कुठे तोडफोड सुरू झाली. म्हणजे 'एक काच फुटली आणि गाडी गेली' असं ब्रॉन्क्समध्ये झालं नाही, पालो आल्टोत झालं तर काच फोडणारे स्वतः प्रोफेसर होते. आणि दोन्हीकडे पोलिसांचा संबंधच नव्हता.

पण खरी गंमत ही थिअरी मांडणाऱ्या विल्सन आणि केलिंगच्या १९८२ च्या मूळ लेखात आहे, जो वाचल्याशिवाय लोक त्याचं नाव घेतात. त्यांचा मुख्य अनुभव न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क शहराचा होता, तिथे पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्तीला लावलं होतं. निकाल काय आला? गुन्हे कमी झाले नाहीत, फक्त लोकांना सुरक्षित वाटायला लागलं. हे त्या लेखातच लिहिलंय. आणि तो गस्तवाला काय करायचा, तर दारुड्यांना पायरीवर बसू द्यायचा पण आडवं होऊ द्यायचा नाही, गल्लीत प्यायला हरकत नाही पण मुख्य चौकात नाही, बाटली कागदी पिशवीत हवी. म्हणजे त्या वस्तीच्या लोकांशी बोलून ठरवलेले अलिखित नियम, आणि कुठे डोळेझाक करायची ते कळणारा पोलीस. झीरो टॉलरन्स म्हणजे नेमकं याच्या उलट, डोळेझाक करायचीच नाही. केलिंगने स्वतः नंतर म्हटलं की आपल्या कल्पनेचा चुकीचा वापर झाला. आणि नेवार्कमधला निकाल 'वाटण्याचा' असताना न्यूयॉर्कमध्ये त्यावर 'घडण्याचा' दावा उभा केला, माझा पहिला आक्षेप इथेच आहे.

शुभदाताई_पु
मला एवढं राजकारण कळत नाही पण आमच्या सोसायटीत हे शंभर टक्के खरं ठरलंय. जिन्याच्या कोपऱ्यात कुणीतरी पान थुंकलं आणि महिन्याभरात चारही मजल्यांचे कोपरे लाल. सेक्रेटरींनी नोटीस लावली, दंड ठेवला, काही फरक नाही. शेवटी कोपऱ्यात गणपती, साईबाबा, दत्त अशा टाईल्स बसवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून थुंकणं बंद. तेव्हा घाण बघून घाण होते हे नक्की. दंडाने नाही थांबलं हेही सांगते.

मुळशीकर_अ
ताई, तुमचा जिना एवढं नक्की दाखवतो की आजूबाजूची घाण बघून माणूस छोटे नियम मोडतो. हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला २००८ साली छापलेला प्रयोग अगदी तुमच्यासारखा आहे. पोस्टाच्या पेटीतून अर्धं बाहेर आलेलं पाकीट, आत पाच युरोची नोट दिसतेय. पेटी स्वच्छ असेल तेव्हा १३ टक्के लोकांनी ते उचललं, पेटीवर ग्राफिटी असताना २७ टक्क्यांनी. हे मी मानतो. पण पाकीट उचलणं आणि कुणाला भोसकणं यात मोठं अंतर आहे, आणि ते अंतर कुणी पार करू नये म्हणून पोलिसांनी रस्त्यातली माणसं उचलायला हवीत ही तिसरीच गोष्ट. एकेक दुवा वेगळा तपासावा लागतो.

वाटसरू_११
मी जरा वेगळं सांगतो. एमएस करत असताना अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात राहायचो, लायब्ररीतून रात्री घरी येताना दोन वेळा थांबवून भिंतीला हात टेकायला लावले, खिसे बॅग सगळं उपसलं, काही सापडलं नाही, सोडलं, सॉरी नाही. माझा रूममेट गोरा, तोच रस्ता, तीच वेळ, त्याला तीन वर्षांत एकदाही नाही. त्यानंतर खालच्या दुकानात चोरी झाली होती आणि मी पळणाऱ्याला बघितलं होतं, तरी पोलिसांना सांगायला गेलो नाही. आज वाटतं जायला हवं होतं, पण तेव्हा पायच उचलला नाही. हे कुठल्या आकडेवारीत धरणार?

रविकिरण७०
वाटसरू, तुमच्याबाबत झालं ते वाईटच. पण पोलिसांनी माणूस बघून निवड केली हा अंमलबजावणीचा दोष, थिअरीचा नाही ना? रस्ता घाण आहे की नाही हे तर कुणालाही दिसतं.

मुळशीकर_अ
रविकिरण, इथेच खरा वाद आहे. 'कुणालाही दिसतं' हे खरं आहे का तेच दोन समाजशास्त्रज्ञांनी, सॅम्पसन आणि राउडनबुशने, शिकागोत तपासलं. १९९५ साली एक गाडी दोन्ही बाजूंना व्हिडिओ कॅमेरे लावून १९६ वस्त्यांमधून हळूहळू फिरवली, मग फिल्म बघून मोजलं, किती बाटल्या, किती सुया, किती रंगवलेल्या भिंती, किती टोळकी. १९९९ ला निष्कर्ष छापला, गरिबी आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा लक्षात घेतला की घाण आणि गुन्ह्यांचा थेट संबंध बराचसा गळून पडतो. दरोड्यांपुरता तो टिकला, हेही सांगायला हवं, नाहीतर मीही सोयीचं तेवढंच सांगितल्यासारखं होईल. ज्या वस्तीत पोरं शाळा बुडवून फिरताना दिसली तर शेजारी हटकतात, तिथे गुन्हे कमी.

मग २००४ ला त्यांनी तीच फिल्म लोकांच्या उत्तरांशी ताडून बघितली. रस्त्यावर मोजलेली घाण सारखीच असली तरी ज्या वस्तीत काळे लोक जास्त तिथे लोकांना 'इथे फार बेशिस्त आहे' असं जास्त वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्यांत काळे लोकसुद्धा होते. म्हणजे काच फुटलीय की नाही हे डोळा ठरवतो आणि डोळा समाजात तयार होतो. तुमच्या रूममेटचं उत्तर यातच आहे, वाटसरू. पोलिसाला 'बेशिस्त दिसली की धर' असं सांगितलं तर तो माणूस बघूनच धरणार, म्हणून हा दोष अंमलबजावणीत वरून येऊन चिकटलेला नाही, सूचनेतच आहे. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा माणसं थांबवली, बहुतेक काळी आणि लॅटिनो, आणि दहातल्या जवळजवळ नऊ वेळा ना दंड ना अटक. २०१३ ला कोर्टाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली, मग थांबवणं खूप कमी झालं तरी गुन्हे वाढले नाहीत. २०१४ ला एरिक गार्नर पोलिसांच्या हातून मेला, त्याला धरलं होतं तो सुट्या सिगारेटी विकतो या संशयावरून.

निशिगंध_क्वीन्स
गार्नरचा व्हिडिओ मी पूर्ण बघू शकले नाही. पण एक विचारते, थांबवणं कमी केल्यावर गुन्हे वाढले नाहीत हे खरं असलं तरी ते आधीच्या कडकपणाची पुण्याई नसेल कशावरून? आधी वचक बसला म्हणून आता सैल सोडता येतंय. मला अजून हेच वाटतं.

मुळशीकर_अ
प्रश्न रास्त आहे आणि पूर्ण खोडता येत नाही. दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात. पहिली, हारकोर्ट आणि लुडविग या दोन संशोधकांनी २००६ मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस ठाण्यांच्या हद्दीप्रमाणे आकडे परत तपासले. जिथे किरकोळ अटका जास्त झाल्या तिथे गुन्हे जास्त पडले हे बरोबर, पण त्याच हद्दींत आधी क्रॅक कोकेनच्या लाटेत गुन्हे सगळ्यात जास्त चढले होते. ज्याला १०४ ताप होता त्याचाच सगळ्यात जास्त उतरणार, औषध कुठलंही द्या. दुसरी, डिसेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिनला दोन पोलिसांची हत्या झाल्यावर पोलिसांनी काही आठवडे किरकोळ दंड आणि समन्स जवळपास थांबवले. घरफोडी, गंभीर मारहाण अशा मोठ्या गुन्ह्यांच्या तक्रारी त्या काळात वाढायला हव्या होत्या, त्या ३ ते ६ टक्क्यांनी घटल्या.

निशिगंध_क्वीन्स
काही आठवडेच ना. वचक एवढ्यात जात नसतो. आणि पोलीसच ढिले म्हटल्यावर लोक तक्रार द्यायला गेलेच नसतील, हे वाटसरू आत्ताच म्हणाले की.

मुळशीकर_अ
तक्रारींचा मुद्दा मान्य, अभ्यास करणाऱ्यांनीही तो विचारात घेतलाय पण शंका राहतेच. म्हणून मी 'कडकपणाने गुन्हे वाढतात' असं म्हणणार नाही, 'कमी होतात' याचा पुरावा कच्चा आहे एवढंच म्हणेन.

रविकिरण७०
बरं, जुलियानींचं श्रेय मी थोडं कमी करतो, १९९१ चं मला माहीत नव्हतं. पण मग काच फुटलेलीच ठेवायची का?

मुळशीकर_अ
नाही, काच बसवायची. फिलाडेल्फियात तेच केलं. ५४१ ओसाड प्लॉट घेतले, काहींवरचा कचरा उचलला, गवत लावलं, थोडी झाडं, बुटकं लाकडी कुंपण, ज्यातून कुणीही आत जाऊ शकेल. बाकीचे तसेच ठेवले, कुठले ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या प्लॉटच्या आसपास गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी घटल्या, २०१८ ला छापून आलं. एकाही माणसाला धरलं नाही.

रविकिरण७०
म्हणजे थिअरीचा पहिला अर्धा भाग बरोबरच की!

मुळशीकर_अ
परिसर सुधारल्याने फरक पडतो, हो. पण घाण कमी दिसली म्हणून पडतो, की लोक तिथे येऊन बसायला लागले म्हणून, की बंदूक लपवायला झाडी उरली नाही म्हणून, ते अजून नीट सुटलेलं नाही. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं.

शुभदाताई_पु
आमच्या टाईल्सचं राहिलं सांगायचं. जिना स्वच्छ आहे, पण परवा पार्किंगच्या मागे गेले तर ती भिंत खालपासून लाल, आधी तशी नव्हती. तिथे टाईल लावायची की आणखी काही करायचं, रविवारच्या मीटिंगला विषय ठेवलाय. वॉचमनला नजर ठेवायला सांगा असं दोघातिघांचं म्हणणं आहे, पण थुंकतं कोण ते कुणी बघितलेलं नाही आणि नाव मात्र आत्ताच बांधकामावरच्या पोरांचं घेतायत.