पेडेस्टल फॅनच्या मॅन्युअलची मराठी चेकलिस्ट

"इंग्लिश मॅन्युअलचे फोटो बघून चेकलिस्ट बनवतोय, वॉर्निंग सगळ्या शेवटी टाकल्या तर चालेल का?"

नको, ज्या स्टेपची वॉर्निंग आहे तिच्या आधीच टाका, लोक एकेक ओळ वाचत फॅन जोडत जातात हो. 'दोन्ही जाळ्या बसून क्लिपा लागेपर्यंत प्लग लावू नका' हे सगळ्यात वर. आणि नट फिरवायची दिशा चित्रातल्या बाणाशी ताडून बघा, मागच्या जाळीचा नट घड्याळाच्या दिशेने आवळतो पण पात्याचा बहुतेक फॅनमध्ये उलटा असतो, तो नीट आवळला गेला नाही तर पातं चालू फॅनमध्ये सैल होतं. फोटोत कागदाच्या घडीची सावली पडून इंग्लिश वाक्यातला एखादा 'not' गायब झाला असेल तर अंदाजाने भरू नका, तेवढा फोटो परत काढा.