मदत हवी आहे: नव्या सबस्क्रिप्शनची किंमत 49, 144 की 300?

घाईत_आहे: सोमवारी लाँच आहे आणि तीन भागीदारांचे तीन आकडे. एक म्हणतो, ग्राहकामागे महिना 120 खर्च येतो, वर 20 टक्के लावा, 144. दुसऱ्याला 49 ला देऊन आधी बाजार धरायचाय. माझ्या मते ग्राहकाचा जो फायदा होतो, त्या मानाने 300 सहज मागता येतील. पटकन सांगा, कोणाचं बरोबर?

तिरका_डोळा: प्रॉडक्ट काय ते सांगाल का? आणि 120 मध्ये काय काय धरलंय?

घाईत_आहे: दवाखान्यांसाठी, पेशंटला अपॉइंटमेंटची आठवण करणारं सॉफ्टवेअर. मेसेज-सर्व्हरचे 30, उरलेले 90 पगाराचे, 200 ग्राहक धरून.

उडी_मारा: 49! आधी गर्दी जमवा, दर नंतर वाढवता येतात.

जुना_हिशेबनीस: 144 चा पायाच डळमळीत आहे. 200 हा अंदाज, आणि किती ग्राहक येतील ते किमतीवरच ठरणार. 100 च आले तर पगाराचा वाटा 180 होतो, खर्च 210. मग काय, दर वाढवून आहेत तेही घालवणार?

पगार महिना 18,000. 49 ला मेसेज-सर्व्हरचे 30 जाऊन एका ग्राहकामागे 19 सुटतात, म्हणजे नुसता पगार निघायला 948 दवाखाने हवेत. 144 ला 158, 300 ला 67. आता सांगा, तुमच्याकडे विकायला माणसं किती?

उडी_मारा: सगळे मोठे असेच वाढले, साहेब.

जुना_हिशेबनीस: जिथे एक आला की दुसऱ्याचा फायदा वाढतो, तिथे ते चालतं. शेजारच्या दवाखान्याने हे घेतलं म्हणून याला काय मिळणार? शिवाय 49 ला आलेल्याच्या डोक्यात 49 च बसतं. दरमहा 10 टक्के सोडून गेले तर ग्राहक सरासरी 10 महिने टिकतो, म्हणजे एकूण 190 सुटले. एक ग्राहक मिळवायला 150 लागले तर उरलं काय?

वीज_गेली: ऑटो-डेबिट फेल झालं तर दोन-तीनदा परत प्रयत्न होईल असं लावून घ्या. आमचे निम्मे ग्राहक डेबिट फेल झाल्यानेच गळत होते.

तिरका_डोळा: किमतीचं चाललंय हो. @घाईत, 300 कुठून काढले?

घाईत_आहे: महिन्याला चार-पाच पेशंट चुकायचे थांबतात. एका वेळेचे 200 धरले तरी 800 वाचतात.

जुना_हिशेबनीस: हे ट्रायलवाल्या दवाखान्याने सांगितलं की तुम्ही धरलं? रिसेप्शनिस्ट आधीच फोन करत असेल तर त्यातले निम्मे असेही येणार होते. वाचलेलं त्या फोनच्या तुलनेत मोजा. बाकी 30 ही सरासरी आहे. दिवसाला 80 पेशंटवाल्याचे मेसेज त्याहून कितीतरी जास्त जातील, त्याला सरसकट दर देऊ नका.

उडी_मारा: मग पहिले तीन महिने 49, पुढे 300, आधीच लिहून द्यायचं. हे तरी चालेल?

तिरका_डोळा: चौथ्या महिन्यात किती थांबतात त्यावर आहे.

घाईत_आहे: ट्रायलवाल्यांना उद्या फोन करतो. पण 49 वाल्या भागीदाराला 948 पटणार नाहीत, तो म्हणेल पगार कमी करा.