मदत हवी आहे: आज्जीचा ताप उतरला, पण अंग गार पडलंय आणि घाम फुटलाय. झोपू देऊ का?

मलप्रभाकाठ, सकाळी ११:०५
खानापूर तालुक्यातल्या गावातून लिहितेय. दहावीत आहे. घरी मी आणि आज्जी दोघीच. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत, आई बेळगावात कामाला, दोघंही संध्याकाळी सातलाच येतात. बाबांचा फोन कामावर असताना बंद असतो.

आज्जी ७२ वर्षांची, वजन साधारण ४५ किलो. शुगर आणि बीपी आहे. काल संध्याकाळपासून ताप. आज सकाळी ८ ला काखेत १०१.४ होता, तेव्हा आईनं पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी दिली. शुगरची आणि बीपीची गोळी त्याआधी साडेसातला चहाबरोबर झाली होती. त्यानंतर दोन चमचे पेज, बस्स. नको नको म्हणायलेय.

आता ताप ९९.२ दाखवतोय. पण कपाळावर, मानेवर घाम आहे, हात गार आहेत आणि थोडे थरथरतायत. बोलायलेय पण काय ते कळंना. मला आईच्या नावानं हाक मारली. ताप उतरलाय म्हणून झोपू देऊ का? आणि पुढची तापाची गोळी किती वाजता द्यायची?

घाटमाथा, ११:०९
पॅरासिटामॉलनं ताप उतरताना घाम येतोच, घाबरायचं काही नाही. अंग कोरडं पुसा, कपडे बदला, चांगलं पांघरूण घालून झोपू द्या. झोपेनंच अंगात ताकद येते.

सिस्टर_निपाणी, ११:११
झोपू देऊ नकोस. घाटमाथा, ताप उतरताना घाम येतो हे बरोबर आहे. पण तसा घाम आल्यावर माणूस हलका होतो, पाणी मागतो, आपलं माणूस ओळखतो. इथं नात ओळखू येईना, हात थरथरतायत, आणि पोटात दोन चमचे पेजेवर शुगरची गोळी गेलीय. हे शुगर उतरल्याचं लक्षण असू शकतं.

पोरी, घरात शुगर तपासायचं मशीन आहे का? असेल तर आज्जीचं बोट साबणानं धू, कोरडं पूस, बोटाच्या टोकावर मधोमध नको, कडेला टोच. मशीन नसेल किंवा सापडेना तर शोधत बसू नकोस, शुगर कमी आहे असंच समजून पुढचं कर. गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय तेही सांग.

मलप्रभाकाठ, ११:१६
मशीन आहे. ५८ दाखवलं. पाकिटावर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही लिहिलंय. बीपीची टेल्मिसार्टन.

सिस्टर_निपाणी, ११:१८
७० च्या खाली म्हणजे आत्ताच साखर द्यायची. आधी आज्जीला उठवून बसव, पाठीला उशी लाव. एक घोट साधं पाणी दे. ठसका न लागता गिळलं तर अर्धा कप पाण्यात साखरेचे तीन चहाचे चमचे सपाट भरून विरघळव आणि ते घोट घोट पाज. पाच मिनिटांत संपलं पाहिजे. मग घड्याळ लाव, पंधरा मिनिटांनी परत तपास.

गिळता येत नसेल, डोळे मिटून मान टाकत असेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मधसुद्धा नाही. ते श्वासनळीत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

शेजारच्या काकूंना आत्ताच हाक मार. एकटी राहू नकोस.

भाग्यनगरकर, ११:२१
शुगर असलेल्या माणसाला साखर देताय? आमच्या वडिलांना ताप आला की शुगर ३०० च्या वर जाते. डॉक्टरांनी उलट इन्सुलिन वाढवायला सांगितलं होतं. तापात शुगर वाढतेच, कमी होत नाही.

सिस्टर_निपाणी, ११:२४
तापात शुगर वाढू शकते हे खरं आहे, आणि तुमच्या वडिलांचं इन्सुलिन कुणाच्या सांगण्याशिवाय बंद करू नका. पण इथं मशीन ५८ सांगतंय. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण झालंय की नाही हे ती बघत नाही. पोट रिकामं असलं तरी काम करतेच. आकडा समोर असताना अंदाजावर चालायचं नाही.

गोडशेव, ११:२६
घरात कुंदा असेल तर तो द्या, लगेच शक्ती येते. आमच्याकडे चक्कर आली की तेच करतात.

गणाचारी_मेडिकल, ११:२९
कुंदा पहिला नको. त्यात खवा आणि तूप आहे, स्निग्ध पदार्थाबरोबरची साखर रक्तात हळू पोहोचते. पेढा, चॉकलेट, बिस्किट सगळ्यांचं तेच. पहिल्या पंधरा मिनिटांत साधी साखर, गूळ-पाणी किंवा ग्लुकोज पावडर. ‘शुगर फ्री’ पुडीचा काही उपयोग नाही, चव गोड असली तरी तिनं रक्तातली साखर वाढत नाही. कधी कधी घाईत तीच डबी हाताला लागते, लेबल बघून घ्या.

मलप्रभाकाठ, ११:३९
सिस्टर, साखरपाणी सगळं प्याली, ठसका नाही. काकू आल्यात. आत्ता तपासलं तर २३१!! जास्त झालं का? आता आणखी गोळी द्यावी लागेल का?

सिस्टर_निपाणी, ११:४१
गोळी अजिबात नको. पंधरा ग्रॅम साखरेनं पंधरा मिनिटांत ५८ वरून २३१ होणं पटत नाही. कप आज्जीनं हातात धरला होता का? बोट चिकट असलं की रक्ताच्या थेंबात ती साखर मिसळते आणि मशीन तिचाच आकडा देतं. दुसऱ्या हाताचं बोट साबणानं धुवून, पूर्ण कोरडं करून, नवीन पट्टी लावून परत बघ. पाणी राहिलं तर उलट आकडा खोटा कमी येतो, म्हणून कोरडं.

मलप्रभाकाठ, ११:४६
हो, कप तिनंच धरला होता, बाहेर सांडलं पण होतं. धुवून बघितलं, ८१. आता मला ओळखली. ‘पाणी दे गं’ म्हणाली.

कणकुंबीचा_पाऊस, ११:५०
लहान मुलाला ताप असताना झोप येणं साहजिक आहे. दर दोन तासांनी दूध द्या, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवा. वजनाप्रमाणे सिरप मोजून द्या, चमच्यानं अंदाजे नको.

मलप्रभाकाठ, ११:५१
दादा, लहान मूल नाही, आज्जीला ताप आहे.

सिस्टर_निपाणी, ११:५४
८१ म्हणजे पहिली पायरी झाली. साखरपाण्याचा परिणाम फार टिकत नाही, गोळीचा मात्र चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. आज्जीचं वय आणि ताप बघता हे परत होण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून आता मऊ भात-ताक किंवा एक वाटी घट्ट पेज, चिमूटभर मीठ घालून, बसवूनच भरव. अर्ध्या तासानं परत तपास, मग दर तासाला. ७० च्या खाली गेलं तर पुन्हा तीन चमचे साखर.

आणि आकडा चांगला आला तरी आज दवाखान्यात न्यायचंच आहे. ग्लिमेपिराइडवर असलेल्या वयस्कर माणसाची शुगर उतरली तर घरी बसून बघत राहायचं नसतं, तिथं सलाइनमधून ग्लुकोज देऊन लक्ष ठेवावं लागतं. बाबांचा फोन बंद असेल तर फौंड्रीच्या ऑफिसला किंवा गेटवर फोन कर, नंबर आईकडे असेल. गाडीची सोय होईना तर १०८. फोनवर एवढं सांग: ‘७२ वर्षांची बाई, ताप, शुगरच्या गोळीनं शुगर ५८ झाली होती, भ्रम होता.’ गावाचं नाव आणि जवळची खूण. गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घाल.

गणाचारी_मेडिकल, १२:०२
तापाच्या गोळीचं राहिलं. ८ ला ६५० दिली, म्हणजे २ च्या आधी दुसरी नाही, आणि २ लाही ताप असला तरच. ४५ किलोच्या वयस्कर माणसाला ५०० ची पुरते. दिवसभरात एकूण २ ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे ६५० च्या तीनच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ती वेगळी देऊ नका, नाहीतर हिशेब चुकतो. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घरात असेल तर तेही नको. अंगात पाणी कमी, वर टेल्मिसार्टन, त्यात ही गोळी गेली तर मूत्रपिंडावर ताण येतो. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच.

आणखी एक, काख घामानं ओली असताना थर्मामीटर कमी दाखवतो. ते ९९.२ किती खरं, शंका आहे. कोरडं पुसून, हात अंगाला चिकटवून धरून परत बघ.

मलप्रभाकाठ, १२:१५
पुसून बघितलं, १००.६ आहे. म्हणजे ताप उतरलाच नव्हता. पेज पाऊण वाटी खाल्ली. बाबांना गेटवरून निरोप गेलाय, ते निघाले. काकूंचा मुलगा गाडी बघायलाय. रात्रीची शुगरची गोळी कशी करायची?

घाटमाथा, १२:१९
माझं आधीचं उत्तर चुकलं, पांघरूण घालू नका. गोळीचं मात्र, जेवण नाही तर गोळी नाही, एवढं सरळ धरायला काय हरकत आहे?

सिस्टर_निपाणी, १२:२७
ग्लिमेपिराइडपुरतं ते मला पटतं. मेटफॉर्मिन उलटी-जुलाब, पाणी कमी असताना बहुतेक डॉक्टर थांबवतात. पण इथं दोन्ही एकाच गोळीत आहेत आणि तापात शुगर पुढे वाढूही शकते, म्हणून किती दिवस बंद ठेवायची हे तपासल्याशिवाय कुणी सांगू नये. आज रात्रीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, एवढं नक्की. बीपीच्या गोळीचंही त्यांनाच विचार, आधी बीपी मोजू दे.

सकाळपासून लघवी किती वेळा झाली, जळजळ आहे का, हे आज्जीला आत्ताच विचारून ठेव. या वयात बायकांना ताप येण्याचं ते एक नेहमीचं कारण. वाटेत श्वास जोरजोरात चालला, ओठ निळसर दिसले किंवा परत बरळायला लागली तर डॉक्टरांना पहिलं तेच सांग.

मलप्रभाकाठ, १२:३३
सकाळपासून एकदाच झाली, जळजळ होते म्हणतेय. दोन दिवसांपासून, पण आईला सांगितलं नव्हतं. गाडी आली. १२:२० ला शुगर ९४ होती. साखरेची डबी आणि पाण्याची बाटली बरोबर घेतेय.

मलप्रभाकाठ, दुपारी ४:५०
तालुका दवाखान्यात आहोत, बाबा आलेत. वाटेत ठीक होती, पण इथं आल्यावर २ वाजता शुगर परत ६४ झाली, मग सलाइन लावलं. लघवी तपासायला दिलीय, डेंग्यूचंही रक्त घेतलंय, रिपोर्ट यायचेत. रात्रभर ठेवणार म्हणाले. शुगरची गोळी आज नाही, उद्या बघून सांगतील. पट्ट्या चारच उरल्यात, आणखी घ्यायच्या तर कुठल्याही कंपनीच्या चालतात का?

गणाचारी_मेडिकल, ५:०४
नाही, मशीनच्या कंपनीच्याच लागतात. मशीनचा फोटो काढून दुकानात दाखव. डबी उघडली की तारीख लिहून ठेव आणि झाकण घट्ट लाव. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी डबी लवकर खराब होते आणि आकडे भलतेच येतात.