मदत हवी आहे: फूट-इंच आणि मीटर एकाच ड्रॉइंगमध्ये

बंगल्याच्या वीटकामाचं मेजरमेंट काढतोय. प्लॅनमध्ये भिंतीची लांबी १४'-७", जाडी ९", पण सेक्शनमध्ये उंची ३.०० मीटर. आधी मी सरळ १४.७ फूट धरून ४.४८ मीटर लिहिलं. मग लक्षात आलं, ७ इंच म्हणजे ०.५८ फूट! आता सगळे इंच करतो: १७५ × ०.०२५४ = ४.४४५ मीटर. एका भिंतीत साडेतीन सेंटिमीटर जास्त धरले गेले असते, आणि अशा बावीस भिंती आहेत.

अडलंय ते जाडीत. ९" म्हणजे ०.२२८६, पण साइटवर सगळे ०.२३ धरतात. याच भिंतीचं ३.०४८ घनमीटर येतं की ३.०६७, ते त्यावरच ठरतं. बिलात तुम्ही कोणती जाडी लावता? आणि ४.४४५ लगेच ४.४५ करता, की गुणाकारानंतरच?