‘जलीय व्यास’ की ‘तुल्य व्यास’?

विचारणा, म्हापसा: हवेच्या आयताकृती डक्टमधील घर्षणहानीवर मराठी टिपण लिहीत आहे. हायड्रॉलिक डायमीटरसाठी ‘जलीय व्यास’ लिहावे, तर आत पाणी कुठे आहे, असा प्रश्न पडतो. ‘तुल्य व्यास’ चालेल का?

फोंडा, निवृत्त शिक्षक: शब्द पाटबंधाऱ्यांकडून आला आहे. आपल्या खाजनातल्या मानशीतून पाणी जाते, तेव्हा क्षेत्रफळाला भिजलेल्या कडेच्या लांबीने भागले की जलीय त्रिज्या मिळते. तिची दुप्पट म्हणजे जलीय व्यास, इतके साधे आहे.

वेर्णा, वातानुकूलन अभियंता: सर, दुप्पट नव्हे, चौपट, त्रिज्या हा शब्दच इथे फसवतो. गोल नळीत क्षेत्रफळ भागिले परीघ म्हणजे व्यासाचा चौथा हिस्सा येतो, म्हणून `Dh = 4A/P`. ६०० × २०० मिमी डक्टसाठी तो ३०० मिमी होतो.

‘तुल्य व्यास’ मात्र इथे वापरू नये, कारण ते नाव दुसऱ्या राशीचे आहे: तेवढाच प्रवाह तेवढ्याच घर्षणहानीने नेणाऱ्या गोल डक्टचा व्यास, जो याच डक्टसाठी सुमारे ३६५ मिमी आहे. समजा सेकंदाला ०.६ घनमीटर हवा जाते. जलीय व्यासाबरोबर डक्टमधला खरा वेग, म्हणजे ५ मीटर प्रतिसेकंद, घ्यायचा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी हानी मीटरला जवळपास १ पास्कल येते. तुल्य व्यासाबरोबर खरा प्रवाह घेतला तरी उत्तर तेच. पण तक्त्यात ३०० मिमी व्यास आणि ०.६ घनमीटर प्रवाह एकत्र वाचला, तर वेग साडेआठ होतो आणि हानी २.६ पास्कल दिसते. मी स्वतः ही चूक एका आराखड्यात केली होती आणि पंखा उगाच मोठा निवडला गेला.

मडगाव, डक्टिंग कंत्राटदार: आमच्याकडे छताखाली जागा नसल्याने १२०० × १०० चा डक्ट घातला. क्षेत्रफळ तेच, तरी टोकाच्या ग्रिलला हवा कमी येते. सांध्यांतून गळती असेल का?

वेर्णा: गळती तपासाच, पण त्याआधी परिमिती पाहा. जलीय व्यास १८५ मिमीवर आला, म्हणून त्याच वेगाला हानी मीटरला सुमारे १.८ पास्कल झाली. शिवाय इतक्या चपट्या डक्टमध्ये खरी हानी या हिशेबापेक्षा काही टक्के जास्तच असते. खळबळत्या प्रवाहात भिंतीवरचे घर्षण परिमितीवर बरेचसे सारखे पसरते, म्हणून हा व्यास चालतो. संथ, थरांच्या प्रवाहात ते कोपऱ्यांत पार घटते. तिथे घर्षणांक गुणिले रेनॉल्ड्स अंक गोल नळीत ६४, चौरसात ५७ आणि अगदी चपट्या फटीत ९६ असतो. एकच व्यास तिन्ही आकारांना पुरत नाही.

फोंडा: चौपटीची दुरुस्ती मान्य. तरी हवेसाठी ‘जलीय’ मला खटकतेच; ‘प्रवाही व्यास’ कसा वाटतो?

म्हापसा: त्यात व्यासच वाहतो आहे असे वाटते, सर. तूर्त ‘जलीय’ ठेवते, आणि ‘तुल्य’ फक्त ३६५ साठी राखते.